रवी, रविवार, रवीचा

आषाढातल्या पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी एका शिक्षिकेने मला मोबाइलवर फोटो पाठवला. शाळेच्या दारातला काळा फळा, कडेने रंगीत खडूंची झेंडूची वेलबुट्टी, दोन बाजूंना दोन समया आणि मधोमध टपोऱ्या अक्षरांत 'गुरूपौर्णिमेच्या हार्दिक शुभेच्छा'. खाली त्यांनी लिहिले होते, "ताई, तुमच्या भाचीच्या त्या मालिकेमुळे या वर्षी 'गुरू' बरोबर लिहिला. आजवर आम्ही ऱ्हस्वच लिहीत होतो."

मी फोटो मोठा करून पाहिला. रू दीर्घ होता. 'गुरुपौर्णिमा' या शब्दात मात्र रु ऱ्हस्व असतो. म्हणजे या बाई इतकी वर्षे फळ्यावर बरोबर लिहीत होत्या आणि या वर्षी आमच्यामुळे चुकल्या.

ती मालिका आम्ही मराठी भाषा गौरव दिनासाठी, २७ फेब्रुवारीला, केली होती. मी मुद्रितशोधक आहे. पुस्तकांची, निमंत्रणपत्रिकांची, स्मरणिकांची प्रुफे वाचण्यात माझा दिवस जातो. भाची डिझाइनचे काम करते. ती म्हणाली, "मावशी, तू फक्त दहा जोड्या दे. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. बाकीचं मी बघते." मोबाइलवर बोटाने एकामागून एक सरकवायची दहा चित्रे, म्हणजे कॅरोसेल. प्रत्येक चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचे, मधोमध उभी रेघ, डाव्या शब्दावर लाल फुली, उजव्या शब्दावर हिरवी टिक. तिसऱ्या चित्रात 'गुरु' आणि 'गुरू' होते. पाचव्यात 'महत्व' आणि 'महत्त्व'. मी दहाही जोड्या कोशात पाहून दिल्या होत्या. एकही जोडी खोटी नव्हती. मालिका पुष्कळ फिरली, कौतुकही झाले, आणि पाच महिन्यांनी तो फळा समोर आला.

त्या रात्री मी तिसरे चित्र पुन्हा उघडून बसले. 'गुरु' वर फुली. चित्र पाहणाऱ्याने त्यातून काय घ्यावे? त्याने घेतले ते असे, की 'गुरु' ही अक्षरे ऱ्हस्व दिसली की चूक. चित्रात त्यापलीकडे काही नव्हतेच. आम्ही एक शब्द सांगितला होता, वाचणाऱ्याने त्यातून नियम काढला, आणि तो नियम त्याने पुढच्या शब्दाला लावला. शिकणारे माणूस हेच करणार. त्यात त्या बाईंचे काही चुकले नाही.

खरा नियम एवढासाच आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द मुळात ऱ्हस्व इकारान्त किंवा उकारान्त असले, तरी मराठीत ते एकटे उभे असताना शेवटचे अक्षर दीर्घ लिहायचे. मूळ गुरु, मराठीत गुरू. मूळ कवि, मराठीत कवी. तसेच शक्ती, बुद्धी, पशू, शत्रू. मागे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले तरी ते दीर्घच राहतात: गुरूला, कवीने, शक्तीमुळे. पण हाच शब्द समासाचे पहिले पद झाला, की तो आपल्या मूळ रूपात परत जातो: गुरुदक्षिणा, कविराज, शक्तिस्थळ, पशुवैद्य. 'मान', 'शाली' असे काही मागे जोडून नवा शब्द घडला तरी तसेच: बुद्धिमान, शक्तिशाली.

मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत हे आहे. १९६२ साली चौदा नियम आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि हे अठरा नियम घेऊन आम्ही प्रुफे वाचतो. पण हा परिच्छेद कुणी चित्रात घालून पाहावा. बोट थांबणार नाही, पुढे सरकेल. भाचीला मी तो वाचून दाखवला तर तिने विचारले, "समासात म्हणजे? पानाच्या कडेला?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. कागदाच्या कडेची कोरी जागा ती समास आणि दोन शब्द एकत्र येतात तोही समास. शाळा सुटल्यावर दुसरा समास फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग मी तिला आठवड्याचे वार लिहायला सांगितले. तिने लिहिले: सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. सगळे बरोबर. हे वार आपण लहानपणापासून कालनिर्णयासारख्या भिंतीवरच्या दिनदर्शिकांवर पाहत आलो आहोत, डोळ्यांत बसलेले आहेत. 'रवीवार' कुणी लिहिला तर नियम न कळणाऱ्यालाही खटकतो. मी तिला म्हटले, "आता नुसता रवी लिही. तुझ्या वर्गातला." तिने 'रवी' लिहिले. "आता रवीचा डबा." तिने 'रवीचा' लिहिले. तीन रूपे कागदावर एकाखाली एक आली: रवी, रविवार, रवीचा. ती थोडा वेळ बघत राहिली आणि तिने आपणहून खाली लिहिले: गुरू, गुरुवार, गुरूचा. मग: शनी, शनिवार, शनीचा. आणि मग मान वर करून म्हणाली, "म्हणजे गुरुपौर्णिमा ही गुरुवारासारखी."

ती जे बोलली ते मी वीस वर्षांत कुणाला इतके सोपे करून सांगितले नव्हते.

आता जोडीच्या जागी तिकडी आली. या तिकडीने पुष्कळ फलक सुटतात. बुद्धी, बुद्धिबळ, बुद्धीने. भूमी, भूमिपूजन, भूमीवर. कृषी, कृषिमंत्री, कृषीला. गावोगावच्या कार्यक्रमांत दिल्या जाणाऱ्या ढालींवर 'स्मृतीचिन्ह' कोरलेले असते, तिथे स्मृतिचिन्ह हवे, कारण स्मृती एकटी दीर्घ आणि चिन्हाला जोडली की ऱ्हस्व. दोन शब्द सुटे लिहिले, मध्ये जागा सोडली, तर पहिला शब्द एकटाच धरायचा: 'कृषी विभाग' असे पाटीवर सुटे लिहिलेले असते तेव्हा षी दीर्घ, ते बरोबरच आहे. मंत्री, विद्यार्थी, पक्षी, प्राणी हे शब्द थोड्या वेगळ्या घरचे, संस्कृतात त्यांच्या शेवटी न् असतो, मंत्रिन्, पक्षिन् असा; पण समासात तेही ऱ्हस्वच होतात. मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय.

मात्र तिकडीलाही कुंपण आहे, आणि ते सांगितले नाही तर पुन्हा एखादा फळा चुकेल. मुळातच दीर्घ असलेले शब्द समासात दीर्घच राहतात. नदी मुळात दीर्घ, म्हणून नदीकाठ. लक्ष्मी दीर्घ, म्हणून लक्ष्मीपूजन. स्त्री दीर्घ, म्हणून स्त्रीशिक्षण. अस्सल मराठी शब्दांना तर मागे जायला ऱ्हस्व रूपच नाही. 'माती'चा शेवट 'शांती'सारखा ऐकू येतो, पण माती संस्कृतातून जशीच्या तशी आलेली नाही, मृत्तिकेची झीज होत होत ती मराठीतच घडली. म्हणून मातीकाम, मातिकाम नव्हे. ओळखायचे कसे, तर संस्कृत धातूंपासून झालेली भाववाचक नामे, ज्यांच्या शेवटी 'ती' किंवा 'धी' येते, ती मुळात ऱ्हस्व असतात: गती, मती, भक्ती, शांती, कृती, संस्कृती, बुद्धी, शुद्धी. एवढ्यावर बरेच निभावते. बाकीच्यांसाठी कोश उघडावा. मी आजही उघडते, टेबलावर डाव्या हाताला कायम असतो.

तिसरे चित्र असे उलगडल्यावर पाचव्याची धास्ती वाटू लागली. 'महत्व' वर फुली, 'महत्त्व' वर टिक. ही जोडी तर प्रत्येक शुद्धलेखनाच्या यादीत असते, इतकी ती नेहमीची. पण त्याच आठवड्यात एका संस्थेच्या स्मरणिकेचे प्रूफ माझ्याकडे आले होते, आणि त्यात अध्यक्षांच्या मनोगतात 'नेतृत्त्व' होते. दोनदा. 'अस्तित्त्व' एकदा. मी दुसरा त खोडला तर पाठवणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, त्याला दोन त असतात ना? मुद्दाम बघून घातले मी." कुठे बघून, हे मी विचारले नाही. आमची मालिका नसेलही ती, अशा याद्या खूप आहेत. पण डावी-उजवीची रचना तीच, आणि निघालेला नियमही तसाच: 'त्व' दिसले की त दोनदा.

या शब्दांत त मोजायचे नसतात, शब्द उकलायचा असतो. शेवटचा तुकडा 'त्व' सगळीकडे तोच आहे, 'पणा' या अर्थाचा. प्रश्न एवढाच, की त्याच्या आधी काय उरते. महत् अधिक त्व. महत् च्या शेवटी स्वतःचा एक पाय मोडका त् आहे, त्व बरोबर आणखी एक त् येतो, म्हणून महत्त्व. तत् अधिक त्व, तत्त्व. सत् अधिक त्व, सत्त्व. आता नेतृत्व घ्या. आधी उरते नेतृ. त्याच्या शेवटी त् नाहीच, ऋ आहे. म्हणून एकच त: नेतृत्व. अस्ति अधिक त्व, अस्तित्व. कवि अधिक त्व, कवित्व. मातृत्व, स्वत्व, प्रभुत्व, सगळ्यांत एकेकच त. फोनवर मी त्या गृहस्थांना एवढेच म्हणाले, "त्व काढून टाका आणि मागे काय राहतं ते वाचा." पलीकडे थोडी शांतता, मग ते म्हणाले, "नेतृ. अच्छा. मग महत्त्वात महत् राहतं." त्यांना पुढे काही सांगावे लागले नाही. दोन मिनिटांनी त्यांनीच विचारले, "आणि व्यक्तिमत्त्व?"

या शब्दाची मला फार माया आहे. त्यात दोन्ही अडचणी एकाच जागी येतात. व्यक्ती एकटी दीर्घ. तिला 'मत्' जोडला की ऱ्हस्व, व्यक्तिमत्. आता शेवटी त् आहे, त्याला त्व जोडला, म्हणून दोन त. व्यक्तिमत्त्व. फलकांवर, सत्काराच्या मानपत्रांवर हा शब्द 'व्यक्तीमत्व' असा दिसतो, दोन चुका घेऊन. भाचीने नव्या मालिकेत त्याला स्वतंत्र चित्र दिले आणि त्यात फुलीच ठेवली नाही. एका ओळीत व्यक्ती, खालच्या ओळीत व्यक्ति आणि मत्, त्याखाली त्व, आणि तळाला पूर्ण शब्द. जिना उतरावा तसा.

फुली काढायची हे आमचे भांडून ठरले. तिचे म्हणणे, फुली नसेल तर लोक थांबतच नाहीत, चूक दिसली की माणूस थबकतो. ते खरे आहे, तिचा तो धंदा आहे. पण माझ्याही धंद्यातली एक गोष्ट मी तिला दाखवली. प्रूफ वाचताना चुकीचे अक्षर आम्ही जिथल्या तिथे खोडतो, आणि शेजारच्या समासात, म्हणजे कडेच्या कोऱ्या जागेत, फक्त बरोबर अक्षर लिहितो. चूक तिथे पुन्हा कुणी लिहीत नाही. अक्षरजुळणी करणारा समास बघत खाली जातो, त्याच्या नजरेला फक्त बरोबर रूपे पडतात. आमच्या मालिकेत उलटे झाले होते. चुकीचा शब्द बरोबरीच्या आकारात, बरोबरीच्या जाडीत, आणि तोही डावीकडे, म्हणजे मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा तोच. मुखपृष्ठाच्या चित्रावर तर नुसता 'आशिर्वाद' होता, लक्ष वेधायला. ज्याने पुढे सरकवलेच नाही त्याने 'आशिर्वाद' एवढाच पाहिला.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. शंभर पानांच्या हस्तलिखितात सलग 'आशिर्वाद' खोडत गेले की संध्याकाळी घरी चिठ्ठी लिहिताना माझा हात त्या शब्दापाशी अडखळतो. दोन्ही रूपे सारखीच ओळखीची वाटू लागतात. मग डोळे मिटून शब्द उकलावा लागतो: आशीः अधिक वाद, शी दीर्घ, आशीर्वाद. जिचे पोट यावर आहे तिचे हे, तर दोन सेकंदांत चित्र पुढे सरकवणाऱ्याचे काय होत असेल?

शेवटी तडजोड झाली. बरोबर रूप वर, मोठे. चुकीचे रूप खाली, करड्या रंगात, लहान, आणि एकटे कधीच नाही, एखाद्या वाक्यात, त्यावर आडवी रेघ. प्रूफमध्ये असते तसे.

आठव्या चित्राची गोष्ट मात्र वेगळीच झाली. ते 'ऱ्य' चे होते. 'शेतकर्यांना' आणि 'शेतकऱ्यांना'. जुन्या मालिकेची फाइल उघडली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. डावीकडे 'शेतकर्यांना', लाल फुली. उजवीकडेही 'शेतकर्यांना', हिरवी टिक. हुबेहूब सारखे दोन शब्द, एक चूक आणि एक बरोबर. पाच महिने ते तसेच फिरत होते.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. मी तिला शब्द माझ्या जुन्या संगणकावरून पाठवले होते. तिथे अर्धा र टाइप करायची जुनी पद्धत अशी, की र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. ते न दिसणारे चिन्ह असते तोवर अक्षर 'ऱ्य' असे, पापणीच्या आकाराच्या रेघेने, दिसते. शब्द एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना ते चिन्ह गळून पडले, आणि उरलेल्या र, हलन्त, य यांचा डोक्यावर रेफ झाला. न दिसणारे चिन्ह गळाले तर कुणाला कळणार? यावर उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे, U+0931. तो घेतला, त्याला हलन्त दिला आणि पुढे य टाइप केला, की 'ऱ्य' होतो आणि कुठेही चिकटवला तरी तसाच राहतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो Shift+J वर आहे. साधा र ज्या कळीवर, तीच कळ. त्यानंतर माझ्या सगळ्या जुन्या फाइलींतले 'ऱ्य' मी बदलून घेतले, दोन रविवार गेले त्यात.

त्या निमित्ताने त्या चित्रातला मजकूरही बदलला, कारण 'र्य' ला चूक म्हणणेच चूक होते. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. आचार्यांना म्हणजे आचार्य असलेल्यांना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. लग्नाच्या खर्चाच्या यादीत 'आचार्यांना दिले' असे लिहिले तर पैसे दुसऱ्याच माणसाला गेले. ओठांवर शब्द घोळवून बघावा. 'सूर्य' म्हणताना आधीच्या अक्षरावर आघात येतो, जीभ क्षणभर अडते. 'सुऱ्या' म्हणताना ती अडत नाही, घसरून पुढे जाते. आघात आला तर रेफ, नाही आला तर पापणी. कार्य, पर्याय, ऐश्वर्य यांत रेफ; शेतकऱ्यांना, पुढाऱ्यांना, किनाऱ्यावर, बिचाऱ्या यांत पापणी. नव्या चित्रात दोन्ही रूपे शेजारी शेजारीच आहेत, पण दोन्हींना टिक आहे आणि प्रत्येकाखाली त्याचा अर्थ.

काही जोड्या मी काढूनच टाकल्या. पहिल्या मालिकेत 'आनी पानी' आणि 'आणि पाणी' अशी एक होती. लिहिताना आणि, पाणी, हे ठरलेले आहे, त्यात वाद नाही. पण त्या चित्रावर भाचीने कानाचे चित्र काढले होते, म्हणजे बोलण्यावर फुली. माझ्या माहेरी आजी 'पानी' म्हणत असे. तिच्या तोंडच्या शब्दावर मी फुली मारणार नाही. महामंडळाचे नियमही मारत नाहीत: पात्राच्या तोंडी घातलेला मजकूर त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावा, असे त्यांत स्पष्ट आहे. या लेखातही मी माझे निवेदन 'केले', 'गेले' असे लिहिते आहे आणि भाचीच्या तोंडी 'बाकीचं' आले आहे, ते त्याच आधारावर.

एक जोडी मात्र मी हट्टाने आत घेतली, ती शब्दाची नाही, वाक्याची. 'तो मला बोलला, की उद्या ये.' हे आता सर्रास ऐकू येते, म्हणून कुणी विचारेल की हा उच्चाराचाच प्रश्न नाही का. नाही. कारण मराठीत 'तो मला बोलला' या वाक्याला आधीच अर्थ आहे: तो मला रागावला, त्याने माझा अपमान केला. "सासूबाई मला बोलल्या" असे कुणी डोळे पुसत सांगितले की त्यांनी काय सांगितले हे कुणी विचारत नाही. सांगण्याच्या अर्थाने 'तो मला म्हणाला'. गप्पांच्या अर्थाने 'तो माझ्याशी बोलला'. तिन्ही वेगळी. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली तर रागावण्याचे इतके नेमके, इतके कमी शब्दांतले वाक्य हातचे जाते. मला त्याची हळहळ वाटते, आणि चित्रात ती तशीच लिहावी असे मी भाचीला सांगितले.

दहावे चित्र 'नांव' आणि 'नाव' चे होते. नाकातून न उच्चारला जाणारा अनुस्वार देऊ नये, हा १९६२ चा नियम. पाच, नाव, केस, घरे. पूर्वी पांच, नांव, केंस, घरें. ते चित्र तपासताना भाचीने कपाटातून माझ्या वडिलांची पत्रे काढली. तिचे आजोबा. मामाला परगावी शिकायला ठेवले होते तेव्हाची, निळ्या शाईतली. 'तुझें कांहीं पत्र नाहीं. तुझ्या आईनें डबा पाठविला आहे, तो पोंचला कां?' तिने ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "यात किती चुका आहेत मावशी?"

मी मोजल्या नाहीत. वडील जुन्या नियमांवर शिकले होते आणि 'आईनें' मधला तो बिंदू त्यांच्या मास्तरांनी छडीच्या धाकाने घालायला लावला होता. तो वगळला असता तर त्या काळी चूक ठरली असती. नवे नियम आल्यावरही त्यांच्या हाताने जुनी सवय सोडली नाही. मी तिला तो बिंदू कुठे कुठे अजून हवा ते दाखवले, कारण तो सगळीकडून गेलेला नाही. 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांत तो एकाचे अनेक करतो. 'मुख्यमंत्र्यांनी', 'सरांनी' यांत माणूस एकच असून तो आदर दाखवतो. 'आजोबानी पत्र लिहिले' असे कुणी लिहिले, तर त्या बिंदूबरोबर त्यांच्यापुढचा वाकलेला नमस्कारही गेला. "आजोबांनी," ती हळूच म्हणाली, आणि तिने ते पत्राच्या पाकिटावर, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून पाहिले.

नव्या मालिकेत दहाव्या चित्रावर फुली नाही. वर 'नाव' आहे, छापील. खाली वडिलांच्या अक्षरातले 'नांव' आहे, पत्रातून स्कॅन करून घेतलेले, निळ्या शाईचे, आणि शेजारी बारीक अक्षरांत '१९६२ पूर्वीच्या पद्धतीने'.

फळ्याच्या बाईंना मी त्याच रात्री फोन केला होता. आधी माफी मागितली, मग रविवारचे सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, उद्या सकाळी मुलं यायच्या आधी पुसते." मग थांबून म्हणाल्या, "नाही, असू द्या. मुलांसमोरच पुसते, आणि वार लिहून घेते त्यांच्याकडून." दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा फोटो आला. त्याच वेलबुट्टीत, त्याच दोन समयांच्या मध्ये 'गुरुपौर्णिमा', आणि फळ्याच्या तळाला मुलांच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत सात वार, त्यांतल्या गुरुवार, शनिवार आणि रविवार यांच्याखाली पिवळ्या खडूने ओढलेली रेघ.